पिव्होट टेबलच्या स्क्रीनशॉटमधील बेरजेची तफावत

एक्सेलच्या पिव्होट टेबलचा स्क्रीनशॉट हिशेब म्हणून पुढे पाठवला जातो आणि त्यातली एकूण बेरीज मूळ शीटशी जुळत नाही, तेव्हा बहुधा सूत्र चुकलेले नसते. फिल्टर आणि लपवलेल्या ओळी या दोन गोष्टींकडे मूळ शीट एका नजरेने पाहते आणि पिव्होट दुसऱ्या. त्यामुळे दोघांच्या बेरजा वेगळ्या येतात. हिशेबनीस मंडळी या प्रकाराला ‘पिव्होटची टोटल टॅली होत नाही’ असे म्हणतात.

पिव्होट मूळ शीटवरच्या ओळी थेट मोजत नाही. रिफ्रेश केले की तो दिलेल्या पट्ट्याची एक प्रत स्वतःजवळ घेतो. तिला पिव्होट कॅश म्हणतात, आणि बेरजा त्या प्रतीवरून होतात. मूळ शीटवर फिल्टर लावलेला असो वा ओळी ‘हाइड’ केलेल्या असोत, प्रतीत सगळ्या ओळी येतात. पिव्होटमध्येच लावलेल्या फिल्टरचे मात्र उलट असते. तिथे एखादे नाव वगळले की त्याची रक्कम `Grand Total` मधूनही जाते. मूळ शीटवर लपवलेले पिव्होट मोजतो आणि पिव्होटमध्ये वगळलेले मोजत नाही, हा भेद ध्यानात असला की पुढचा गुंता सुटतो.

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातील वह्या-पुस्तकांच्या एखाद्या वितरकाचा जून महिना उदाहरणादाखल घेऊ. शाळा सुरू होण्याच्या दिवसांत रोज बिले फाटतात. शीटवर तारीख, बिल क्रमांक, मार्ग, दुकान आणि रक्कम असे पाच स्तंभ आहेत, आणि २ ते २४१ या ओळींत २४० बिले. मालक गोदामात असतात. त्यांना मार्गवार विक्री फोनवर हवी असते, म्हणून हिशेबनीस पिव्होटचा स्क्रीनशॉट पाठवतो. त्यात चार ओळी दिसतात: कोथरूड ५,१२,४००, हडपसर ४,३८,९००, सिंहगड रस्ता ३,७६,२०० आणि चिंचवड ३,२१,०००. खाली एकूण १६,४८,५०० रुपये. मूळ शीटच्या कोपऱ्यात मात्र १८,३३,००० हा आकडा आहे.

फरक १,८४,५०० रुपयांचा. या रकमेचे एकही बिल नाही, की एखाद्या मार्गाची बेरीजही एवढी नाही. इथेच माणूस अडतो, आणि रात्री उशिरापर्यंत एकेक बिल पुन्हा ताडून पाहतो. ही मेहनत वाया जाते, कारण तो फरक एका चुकीचा नसून विरुद्ध दिशांनी ओढणाऱ्या दोन चुकांची वजाबाकी आहे.

पहिली चूक पिव्होटच्या बाजूची. पट्टा देताना हिशेबनिसाने पूर्ण स्तंभ, म्हणजे `A:E`, निवडले होते. खालच्या रिकाम्या ओळींमुळे मार्गांच्या यादीत `(blank)` असे एक नाव आले. ते दिसायला नको म्हणून त्याने त्याची खूण काढली. काम रास्त होते, पण तेवढ्याने त्या स्तंभावर हाताने लावलेला फिल्टर बसला. जूनच्या मध्यावर बाणेरचा नवा मार्ग सुरू झाला. रिफ्रेश केल्यावर बाणेर यादीत आले खरे, पण खूण नसलेले. असा फिल्टर असताना नवी नावे आपोआप निवडायची नाहीत, हा एक्सेलचा मूळ शिरस्ता आहे. बाणेरचे २,१६,००० रुपये असे गळाले, आणि ते कोणी मुद्दाम काढलेले नव्हते.

दुसरी चूक मूळ शीटवरची. कोथरूडच्या एका दुकानाची सहा बिले रद्द झाली होती. ती ५८ ते ६३ या ओळींत आहेत आणि त्यांची रक्कम ३१,५०० रुपये. हिशेबनिसाने त्या ओळी खोडण्याऐवजी लपवल्या. कोपऱ्यातल्या बेरजेत त्या धरलेल्या नाहीत, पिव्होटने मात्र त्या कोथरूडमध्ये धरल्या. कोथरूडची खरी विक्री ४,८०,९०० एवढीच आहे. २,१६,००० मधून ३१,५०० वजा केले की १,८४,५०० उरतात.

शीटच्या बाजूचा उलगडा तीन सूत्रे शेजारी लिहिली की होतो:

```
=SUM(E2:E241)
=SUBTOTAL(9,E2:E241)
=SUBTOTAL(109,E2:E241)
```

`SUM` सगळे मोजते, दिसो वा न दिसो. ९ क्रमांकाचे सूत्र फिल्टरने गेलेल्या ओळी सोडते, पण हाताने लपवलेल्या धरते. १०९ क्रमांकाचे दोन्ही सोडते. या शीटवर फिल्टर नाही, म्हणून पहिल्या दोघांचे उत्तर १८,६४,५०० येते आणि तिसऱ्याचे १८,३३,०००. दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तरात अंतर पडले, की कुठेतरी ओळी हाताने लपवल्या आहेत हे नक्की. शीटच्या डाव्या कडेलाही ते दिसते: ओळींचे आकडे ५७ वरून थेट ६४ वर उडी घेतात आणि मध्ये दुहेरी रेघ असते. फिल्टरने गेलेल्या ओळी असतील तर उरलेले आकडे निळे होतात.

स्क्रीनशॉट हातात असेल आणि फाइल नसेल, तर दिसणाऱ्या ओळींची बेरीज कॅल्क्युलेटरवर करून पाहावी. या चित्रातल्या चार ओळी बरोबर १६,४८,५०० होतात. आकडे जुळतात, म्हणून चित्र बरोबर आहे असे अनेकजण समजतात, पण पिव्होटमधला फिल्टर हा मेळ कधीच बिघडवत नाही. ओळींची बेरीज खालच्या एकूण आकड्यापेक्षा कमी भरली, तर पिव्होटच्या शीटवरच्याच ओळी हाताने लपवल्या असाव्यात, कारण त्या लपवल्याने `Grand Total` बदलत नाही. दुसरी खूण `Row Labels` शेजारच्या बाणाची. तिथे गाळणीचे चिन्ह असेल तर काही नावे वगळली आहेत. पिव्होटच्या वरच्या पेटीत `(Multiple Items)` दिसले तरी अर्थ तोच. स्क्रीनशॉट कापताना नेमका हा वरचा भाग जातो. स्लायसर तर बाजूलाच तरंगत असतो, तो चौकटीत येतोच असे नाही. म्हणून मालकांनी फोटो मागताना मथळ्यापासून पूर्ण पडदा मागावा.

चित्रातून न कळणारेही बरेच आहे. गाळणी दिसली तरी कोणते नाव वगळले ते दिसत नाही. मूळ शीटवरच्या लपवलेल्या ओळींचा पिव्होटच्या चित्रात मागमूस नसतो. शेवटचे रिफ्रेश कधी केले, हेही त्यावरून समजत नाही. त्यासाठी फाइलच उघडावी लागते. पिव्होटमध्ये रकमेसोबत बिल क्रमांकाची मोजणी ठेवली तर तपास फार सोपा होतो. बाणेरची २७ बिले असतील तर चित्रात २४० ऐवजी २१३ आकडा येईल आणि फरक तिथेच लक्षात येईल. कोथरूडच्या रकमेवर दोनदा क्लिक केले की त्यामागची सगळी बिले नव्या शीटवर उतरतात, लपवलेल्या सहांसकट.

दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागते. मूळ पट्ट्यावर `Ctrl+T` दाबून त्याचे टेबल करावे आणि पिव्होटला तेच द्यावे. रिफ्रेश केल्यावर नवी बिले आपोआप धरली जातात, रिकाम्या ओळी येत नाहीत आणि `(blank)` ची खूण काढायची वेळच येत नाही. फिल्टर हवाच असेल, तर मार्गाच्या `Field Settings` मध्ये `Include new items in manual filter` ला खूण करावी. रद्द बिले मात्र लपवू नयेत. त्यांच्यासाठी ‘स्थिती’ असा सहावा स्तंभ करून त्यात ‘रद्द’ लिहावे आणि तो स्तंभ पिव्होटच्या वरच्या पेटीत ठेवून तिथे ‘रद्द’ ची खूण काढावी. मग ती बिले पिव्होटमधून निघतात आणि शीटवर प्रत्येकाला दिसतही राहतात.