कविताशीर्षक (नोंदीसाठी)

कवितासंग्रहात, सूचीत किंवा संगणकीय दालनात एखादी कविता ज्या नावाखाली नोंदवली जाते ते नाव. ते तीन प्रकारे ठरते: कवितेच्या पहिल्या चरणावरून, तिच्या विषयावरून किंवा कवीच्या नावावरून. पहिल्या चरणाने कविता ओळखण्याची रीत मराठीत सर्वांत जुनी दिसते. संतांच्या अभंगांना कर्त्याने दिलेली शीर्षके नाहीत, आणि गायक व कीर्तनकार अभंग उचलतात तेही ‘सुंदर तें ध्यान’ अशा आरंभाच्या शब्दांनीच. छापील गाथांत अभंगांना क्रमांक असतात, पण ते आवृत्तीगणिक बदलतात. त्यामुळे इंदुप्रकाश छापखान्याच्या १८६९ व १८७३ सालच्या दोन खंडांतील तुकारामांच्या गाथेतला क्रमांक घेऊन दुसऱ्या गाथेत अभंग शोधणारा अनेकदा भलत्याच अभंगावर पोहोचतो. गाथांच्या शेवटी प्रथम चरणांची अकारविल्हे सूची जोडतात ती या अडचणीवरचा उपाय म्हणून.

या सूचीतही एक दोष आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गळले. त्यामुळे ‘रूप पाहतां लोचनीं, सुख जालें वो साजणी’ हा चरण कुठे जुन्या वळणाने, तर कुठे ‘रूप पाहता लोचनी, सुख झाले’ असा छापलेला आढळतो. पहिल्या शब्दाच्या लेखनात भेद असेल, तर अकारविल्ह्यात कवितेची जागाही हलते. म्हणून नोंद एका लेखनाखाली करून दुसऱ्या लेखनावरून तिकडे निर्देश द्यावा, हे बरे. कवितेच्या पाठात मात्र मूळ लेखनच ठेवावे.

विषयदर्शक नाव ही इंग्रजी कवितेच्या परिचयातून आलेली रीत मानली जाते. स्फुट भावकवितेपुरते हे मत ग्राह्य वाटते, कारण केशवसुतांच्या (१८६६–१९०५) पिढीपासून ‘तुतारी’, ‘झपूर्झा’ अशी कवीने स्वतः दिलेली नावे रूढ झालेली दिसतात. आख्यानकाव्याला ते सरसकट लावता येत नाही, कारण रघुनाथपंडितांचे ‘दमयंतीस्वयंवर’ त्याच्या बरेच आधीचे आहे. कवीने दिलेले नाव कवितेचाच भाग असते, ते संपादकाला बदलता येत नाही. बालकवींच्या ‘औदुंबर’मध्ये औदुंबर अगदी शेवटच्या ओळीत येतो. आरंभीच्या ‘ऐल तटावर पैल तटावर’ या शब्दांखाली ही कविता सहज सापडेल, पण शीर्षकाने आधीच जागवलेली प्रतीक्षा नाहीशी होईल. याउलट बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’मधील (१९४७) रचनांना क्रमांक आहेत, शीर्षके नाहीत. तेथे ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ असा आरंभच घ्यावा. त्यावर ‘उंदीर’ किंवा ‘महानगर’ असे नाव लावणे म्हणजे नोंदीच्या आडून अर्थ लावणे होय.

कवीचे नाव शीर्षक म्हणून क्वचितच पुरे पडते, कारण त्याच नावाखाली शेकडो रचना असतात. ते दुय्यम निर्देश म्हणून उपयोगी आहे, पण संतकाव्यात तोही सावधपणे करावा लागतो. अभंगाच्या अखेरीस येणारी ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ ही नाममुद्रा कर्तृत्वाचा पुरावा म्हणून सर्वत्र धरता येत नाही. नामदेवांच्या नावावरील अभंगांत विष्णुदासनामा या कवीच्या रचना मिसळल्या आहेत, असे अभ्यासकांचे मत आहे. विष्णुदासनाम्याचा काळ सामान्यतः सोळावे शतक मानतात. त्याच्या मुद्रेतील ‘विष्णुदास’ हा शब्द निर्णायक ठरावा, असे काही जण सुचवतात. पण ‘विष्णुदास’ हे भक्ताचे सामान्य विशेषणही असल्याने केवळ त्यावरून अभंग दुसऱ्याचा ठरवणे घाईचे वाटते. अशा अभंगासाठी ‘नामदेव (नाममुद्रेनुसार)’ इतकेच लिहिणे सुरक्षित आहे.

तिन्ही पद्धतींचा मेळ ‘आई’ या नावाच्या कवितांत दिसतो. यशवंतांची (१८९९–१९८५) ‘आई’ ‘आई म्हणोनि कोणी’ अशी सुरू होते, माधव जूलियन यांची (१८९४–१९३९) ‘प्रेमस्वरूप आई’ या शब्दांनी, आणि फ. मुं. शिंदे यांची ‘आई एक नाव असतं’ अशी. केवळ ‘आई’ या नोंदीखाली तिन्ही एकमेकींत मिसळतात. म्हणून विषयनामापुढे कंसात कवी देऊन ‘आई (यशवंत)’ अशी नोंद करावी आणि आरंभीची ओळ तिच्याखाली उपनोंद म्हणून घ्यावी. वाचकाला पुष्कळदा यांतले काहीच आठवत नाही. यशवंतांच्या कवितेसाठी तो ‘स्वामी तिन्ही जगाचा आईविना भिकारी’ ही पहिल्या कडव्याच्या शेवटची ओळ घेऊन येतो, तर कुसुमाग्रजांच्या ‘कणा’साठी ‘फक्त लढ म्हणा’ हे शब्द. अशा प्रसिद्ध ओळी शीर्षक करू नयेत, पण त्यांचा निर्देश सूचीत असावा. अकारविल्हे सूचीत ते सहसा केले गेलेले नाही.