शोकांत प्रेमकथा (हीर-रांझा)

प्रेमात पडलेले दोघं, मधे घरचे किंवा जात किंवा नशीब, आणि शेवटी दोघांचा मृत्यू, असा साचा असलेल्या लोककथांना शोकांत प्रेमकथा म्हणतात. सोहनी-महिवाल, सस्सी-पुन्नू, लैला-मजनू ही त्यातली सगळ्यांना माहीत असलेली नावं. या कथा गोड शेवटाच्या कथांपेक्षा जास्त का टिकतात हा प्रश्न नेहमी येतो आणि तो तपासायला पंजाबातली हीर सगळ्यात बरी, कारण हिचे दोन्ही शेवट लिहिले गेलेत.

अकबराच्या काळातल्या झंगच्या दामोदर नावाच्या कवीची हीर सगळ्यात जुनी समजली जाते. तो जागोजागी सांगतो की हे मी डोळ्यांनी पाहिलंय (आता खरं की थाप ते त्यालाच ठाऊक), आणि त्याच्या व्हर्जनमधे हीर-रांझा जिवंत राहतात, एकत्र येतात, मक्केच्या दिशेने निघून जातात. पुढे 1766 मधे वारिस शाहने तीच गोष्ट लिहिली आणि दोघांना मारलं. आज हीर म्हटलं की वारिसचीच, दामोदरची हीर अभ्यासकांपुरती उरलीय. यात वारिसच्या भाषेचा आणि खोचक विनोदाचा वाटा मोठा आहे हे मान्यच, सगळं श्रेय शेवटाला देता येणार नाही.

पण त्याने शेवट रचलाय कसा ते बघा. रांझा तख्त हजाऱ्याचा, भावांनी वाईट जमीन गळ्यात मारली म्हणून घर सोडतो, हीरच्या बापाच्या म्हशी राखतो, लंगडा काका कैदो चुगली करतो, हीरचं लग्न रंगपूरच्या खेडा घराण्यातल्या सैदाशी लावून देतात. रांझा कान फाडून जोगी होतो, रंगपूरला पोचतो, हीरला साप चावल्याचं नाटक होतं आणि दोघं पळतात. पकडले जातात, काझी हीरला नवऱ्याकडे द्यायला सांगतो, इतक्यात शहराला आग लागते, राजा घाबरतो आणि हीर रांझाला देऊन टाकतो. म्हणजे इथे गोष्ट गोड संपलेली आहे! मग दोघं झंगला येतात, माहेरचे हसून स्वागत करतात, रांझाला सांगतात, गावी जा, रीतसर वरात घेऊन ये. तो गेल्यावर हीरला विष देतात. वारिसकडे रांझा ती बातमी कळताच जीव सोडतो, लोकांत फिरणाऱ्या गोष्टीत तो उरलेला विषारी लाडू खातो.

नुसतं मरण असतं तर इतकं लागलं नसतं, हातात आलेलं गेलं हे लागतं. टव्हर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1982 मधे लोकांना विचारलं होतं की एकाची फ्लाइट अर्ध्या तासाने चुकली, दुसऱ्याची पाच मिनिटांनी, जास्त जळफळाट कोणाचा? जवळजवळ सगळे म्हणाले, दुसऱ्याचा. कारण पाच मिनिटांच्या बाबतीत मन सारखं "सिग्नल लागला नसता तर" करत बसतं. हीरच्या बाबतीत ऐकणारा तेच करतो, रांझा गावी गेलाच नसता तर, आणि प्रत्येक वेळी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून डोक्यात फिरते. आपल्या व्रताच्या कहाण्या "सुफळ संपूर्ण" म्हणून संपतात आणि खरंच तिथे हिशोब मिटतो, कोणत्या कहाणीत राजा कोणता आणि नावडती राणी कोणती हे नंतर आठवत नाही. तरी त्या टिकल्यात, कारण दर श्रावणात कुणीतरी वाचतं.

हीरलाही गळा लागलाच म्हणा. ती पारंपरिक चालीत भैरवीत गातात, ज्या रागाने आपल्याकडे मैफल संपवतात त्यातच ही सुरू होते. आणि गाणाऱ्यांनी दुःख वाढवतच नेलं. डोलीत बसताना हीर किंकाळ्या फोडते, बाबा मला घेऊन चालले म्हणते, त्या सगळ्यात जास्त गायल्या जाणाऱ्या ओळी मूळ वारिसच्या नाहीत, नंतर कुणीतरी घुसडल्यात असं बरेच अभ्यासक मानतात. गोड भाग वाढवायचे कष्ट कुणी घेतलेले दिसत नाहीत.

झंगला दोघांची एकच कबर आहे, वर छत नाही, आणि तरी आत पाऊस पडत नाही असं तिथले लोक सांगतात. याच गोष्टीत आणखी एक जोडी आहे. सापाचं नाटक जिने रचलं ती हीरची नणंद सहती, तिचा मुराद बलोच. ते दोघं त्याच रात्री पळाले, पाठलाग करणाऱ्यांना मुरादच्या माणसांनी पिटाळलं, आणि ते सुखरूप सुटले. सहती-मुराद म्हणून कुणी गात नाही.