'तर' नंतरचं वाक्य

फोंड्यातल्या आमच्या हाउसिंग सोसायटीचा मी चिटणीस. बैठकीत सगळं बोलणं कोंकणीत आणि इतिवृत्त लिहायचं मराठीत, म्हणून मी मोबाइलवर रेकॉर्डिंग करून ठेवतो. मे महिन्याच्या बैठकीत विषय पाण्याच्या वाढलेल्या बिलाचा होता. खजिनदारबाई म्हणत होत्या, "रात्री टाकी भरून बॉल व्हॉल्व्ह बंद झाल्यावरही मीटर फिरत असेल, तर..." इतक्यात अध्यक्ष म्हणाले, "राव गो, पयलीं टँकराचें पळोवया." गाडी टँकरवर गेली. बऱ्याच वेळाने एक सभासद म्हणाले, "रात्रीचं मीटर तपासून बघू." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मी लिहिलं, 'श्री. अमुक यांनी सुचवल्याप्रमाणे.' घरी रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा माझीच चूक माझ्या कानावर आली.

दोन माणसं एकाच वेळी बोलली की प्रत्येक वेळी कुणी कुणाला तोडलंच, असं नसतं. 2009 साली दहा भाषांतल्या संभाषणांची तुलना झाली. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे 200 मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. मनात उत्तर जुळवायला मात्र त्याच्या काही पट वेळ लागतो. म्हणजे ऐकणारा समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघतच नाही. ते कुठे संपणार याचा अंदाज बांधून तो आधीच तयारीला लागतो. अंदाज थोडा चुकला की शेवटच्या एखाद्या शब्दावर दोघांचे आवाज एकमेकांवर चढतात. त्यात कुणाचं काही जात नाही. 'हां, हां' किंवा 'बरोबर' म्हणणाराही बोलणाऱ्याचा हात धरूनच चाललेला असतो.

मग खरं तोडणं ओळखायचं कसं? याबाबतीत आपली भाषा फार सोयीची आहे. मराठीत काय, कोंकणीत काय, क्रियापद शेवटी येतं. 'झाल्यावर', 'असेल तर', 'म्हणून' हे शब्द उघड सांगतात की मुद्दा अजून यायचा आहे. 'तर' वर घेतलेला श्वास हा वाक्याचा शेवट आहे, असं कुठल्याच मराठी कानाला वाटणार नाही. (जपानीतही क्रियापद शेवटी असतं, आणि त्या दहा भाषांत सर्वांत झटपट उत्तरं जपानीतच सापडली. क्रियापद शेवटी असलं म्हणून अंदाज बांधणं अडत नाही, एवढं त्यातून दिसतं.) ही कसोटी लावून रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. आवाजांची सरमिसळ पुष्कळ होती, पण अर्ध्यात तोडलेली वाक्यं थोडीच निघाली. त्यातली बहुतेक खजिनदारबाईंची होती, आणि एकदा तर तोडणारी दुसरी बाईच होती.

या विषयात 1975 सालचा कॅलिफोर्नियातला एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो. त्यात स्त्री-पुरुषांच्या संभाषणांत 48 वेळा बोलणं तोडलं गेलं आणि त्यातल्या 46 वेळा तोडणारा पुरुष होता. आकडा डोळे दिपवणारा आहे खरा, पण ती संभाषणं अवघी 11 होती. पुढे 1998 साली 43 अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा स्त्री-पुरुषांतला फरक लहान दिसला. मात्र मदतीचं मध्ये बोलणं वगळून फक्त बोलण्याची पाळी हिसकावणं मोजलं, की तोच फरक वाढला. कशाला तोडणं म्हणायचं, यावर आकडा बराच अवलंबून असतो.

श्रेयाची गोष्ट निराळी. त्या सभासदांनी मुद्दा चोरला असं मला वाटत नाही. अर्धवट कानावर पडलेलं डोक्यात राहिलं आणि नंतर ते त्यांना स्वतःचंच वाटलं असावं. पण कुणाचं काय हे स्पष्ट नसलं की लोक ती रिकामी जागा सवयीने भरतात. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या प्रयोगांत स्त्री आणि पुरुषाने मिळून केलेलं, पुरुषांचं समजलं जाणारं काम लोकांपुढे ठेवलं होतं. काम उत्तम असूनही स्त्रीचा वाटा कमी धरला गेला. तिने नेमकं काय केलं हे स्वतंत्रपणे सांगितल्यावर हा फरक पुसला गेला.

म्हणून जूनच्या बैठकीत मी दोन गोष्टी केल्या. वाक्य 'तर' वर तुटलं, की तोडणाऱ्याशी वाद न घालता मी लगेच म्हणायचो, "बाई, मीटर फिरत असेल तर काय?" हे त्याच क्षणी करावं लागतं. विषय दोन वळणं पुढे गेला की मागे आणताना सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं, बाईंना सर्वांत जास्त. दुसरी गोष्ट, मेच्या इतिवृत्ताला मंजुरी देताना मी दुरुस्ती मांडली: 'रात्री मीटर तपासण्याची सूचना प्रथम खजिनदारांनी मांडली, श्री. अमुक यांनी ती उचलून धरली.' दोन्ही नावं ठेवली, कारण दोन्ही कामं खरोखर झाली होती.

अध्यक्ष म्हणाले, "नावं कशाला रे, सोसायटीचंच काम ना?" मेच्या इतिवृत्तात श्री. अमुकांचं नाव होतं, तेव्हा हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. खजिनदारबाई तेवढ्यात वही उघडून रात्री 11 चं आणि पहाटे 5 चं रीडिंग वाचायला लागल्या. टाकी भरलेली, व्हॉल्व्ह बंद, तरी काटा पुढे सरकला होता. गळती मीटर आणि टाकी यांच्यामधल्या पाइपातच होती.