नकार दिला की आईचं बीपी का वाढतं?

पस्तिशीतली मुलगी घरी सांगते, "दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली, पुढच्या महिन्यात जाणार." आई म्हणते, "जा बाई. माझं काय, आज आहे उद्या नाही." संध्याकाळी आईला धडधडायला लागतं. बीपी मोजलं तर वरचा आकडा १७०. मुलगी घाबरून कंपनीकडून आणखी वेळ मागून घेते आणि दोन दिवसांत आई ठणठणीत होते. मग मुलीच्या मनात एक ओशाळवाणा प्रश्न डोकावतो: हे नाटक तर नव्हतं?

बहुधा नव्हतं. वाद झाला की ॲड्रेनलिन वाढतं, हृदय जोरात धडधडतं, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. मोजताना माणूस नुसता बोलत असला तरी आकडा दहाएक अंकांनी चढू शकतो, म्हणून तर मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायला सांगतात. भांडणानंतरचा १७० खराच असतो, पण मुलीने नोकरी सोडावी की नाही याचं उत्तर त्यात नसतं.

लक्षण खरं असूनही ते नेमकं नकारानंतरच का येतं, याचा धागा वेदनेच्या अभ्यासात सापडतो. विल्बर्ट फोर्डाइस हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सिॲटलमध्ये जुनाट दुखण्याच्या रुग्णांवर काम करत. त्यांच्या लक्षात आलं, की कण्हल्यावर गोळी मिळते, विश्रांती मिळते, घरचे धावत येतात आणि त्यामुळे कण्हणं वाढत जातं. दुखणं खोटं नसतं. पण त्यानंतर जे पदरात पडतं, त्याने वागण्याला वळण लागतं आणि रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो. त्यांनी उपाय केला तो साधा होता. गोळी दुखल्यावर द्यायची नाही, घड्याळाप्रमाणे द्यायची. दुखलं तरी तीच वेळ, न दुखलं तरी तीच. औषध लगेच बंद झालं नाही, आधी कण्हणं आणि औषध यांची गाठ सुटली.

मला वाटतं, आपल्या प्रश्नाची किल्ली इथे आहे. आईची काळजी घेणं आणि आईचं ऐकणं या दोन गोष्टींची घरात गाठ बसलेली असते. ती सोडवायची, काळजी कमी करायची नाही.

म्हणजे त्या मुलीने काय करायचं? बीपी वाढलं तर आईला शांत बसवून पुन्हा मोजायचं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. त्या वेळी नोकरीचा विषय काढायचा नाही, आईने काढला तरी एवढंच म्हणायचं: "तुला भीती वाटतेय, कळतंय मला. उद्या डॉक्टरांकडे जाऊ. जायचं मात्र ठरलंय." पुढे युक्तिवाद नको, कारण प्रत्येक नवं कारण म्हणजे वादाला नवं निमंत्रण. गेल्यावर फोन ठरलेल्या वेळी रोज करायचा, आई रुसलेली असली तरी आणि हसत असली तरी.

"तुझ्यासाठी हाडाची काडं केली" हे ऐकल्यावर हिशेब मांडू नये. केलेलं असतंच. "हो, केलंस, आणि ते मी विसरत नाही" एवढं पुरे, त्यापुढे 'म्हणून' जोडायचा नाही. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली मांडलं, की अपराधी भावना जवळच्या नात्यांतच सर्वांत जास्त जागी होते. जिथे जीव अडकलेला असतो, तिथेच ती लागू पडते. पण तिच्या जोरावर करून घेतलेल्या गोष्टीमागे चीड साचते. मन मारून थांबलेली मुलगी घरात असते आणि धुमसत असते.

सगळ्यांत घातक म्हणजे मधूनच नमणं. बक्षीस कधी मिळतं, कधी नाही, अशा वेळी सवय सर्वांत चिवट होते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांत दाखवलं. शिवाय बक्षीस थांबलं की वागणं विरण्याआधी काही काळ उसळतं. रडणं वाढतं, नातेवाइकांचे फोन येतात. नेमकं तेव्हा मुलगी नमली, तर पुढच्या खेपेला सुरुवातच त्या पातळीवरून होते. म्हणून जे शेवटपर्यंत निभावता येणार नाही, तिथे नाही म्हणूच नये. आधीच मोकळेपणाने हो म्हणणं परवडतं.

याला मर्यादा आहेत. छातीत दाब, घाम, धाप, हातात किंवा जबड्यात कळ अशी लक्षणं असतील, तर भांडण चालू असलं तरी थेट रुग्णालय गाठायचं. मानसिक ताणाने हृदयावर खरा आघात होऊ शकतो. "जीव देईन" हे वाक्यही धमकी समजून सोडायचं नाही, आईला एकटं न ठेवता मानसोपचाराची मदत घ्यायची. निर्णय मात्र त्या रात्री बदलायचा नाही.

शंका असेल तर महिनाभर तारखा लिहून ठेवाव्यात: त्रास कधी झाला, त्याआधी काय घडलं. फक्त नकारानंतर होत असेल, तर वर सांगितलेली वाट. जिना चढताना, झोपेत, पाहुण्यांशी गप्पा मारतानाही होत असेल, तर वहीची ती पानं डॉक्टरांना दाखवायची.