टाकीतल्या पाण्याची पातळी आणि सेन्सरची उडी

गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीच्या झाकणाला HC-SR04 हा श्राव्यातीत सेन्सर बसवला, की तो 40 किलोहर्ट्झचा आवाज सोडून प्रतिध्वनी परत येईपर्यंतच्या वेळेवरून पाण्यापर्यंतचे अंतर काढतो. सेकंदाला एक याप्रमाणे त्याची वाचने बहुधा 60 सेंटिमीटरच्या आसपास येतात. मात्र लाटांमुळे प्रतिध्वनी भलतीकडे गेला, तर मध्येच 400 हा आकडा उमटतो. टाकी रिकामी झाली असे समजून पंप चालू होतो.

पाच वाचनांची चलत सरासरी घेतली, तर या एका उडीमुळे उत्तर 60 वरून 128 होते आणि पुढची चार वाचने तिथेच अडकून राहते. घातांकी समतलनात प्रत्येक नव्या वाचनाचा ठरावीक अंशच जुन्या उत्तरात मिसळतो:

`y = y + a*(x - y)`

येथे `x` म्हणजे नवे वाचन, `y` म्हणजे उत्तर आणि `a` म्हणजे तो अंश. `a` एक तृतीयांश ठेवल्यास यादृच्छिक गोंगाट पाच वाचनांच्या सरासरीइतकाच कमी होतो आणि पाणी एकसारखे चढत असताना पडणारा विलंबही दोन्हींत दोनच वाचनांचा असतो. म्हणजे या दोघांतली निवड विलंबावर ठरत नाही. समतलनाला एकच जुना आकडा साठवावा लागतो, हा त्याचा फायदा. पण उडीनंतर ते 173, 136, 110, 94 असे हळूहळू उतरते.

मध्यक मात्र शेवटची पाच वाचने चढत्या क्रमाने मांडून मधले उचलतो. 60, 61, 400, 60, 61 यांतून 61 निघते आणि 400 चा मागमूसही राहत नाही. विलंब येथेही दोन वाचनांचाच असतो, परंतु नेहमीचा बारीक थरथराट सरासरीइतका शमत नाही. पाचांपैकी दोन वाचने बिघडली तरी मध्यक टिकतो; तिसरेही बिघडले, की चुकीचा आकडा जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणून आधी कच्च्या वाचनांचा आलेख काढून उड्या सलग किती येतात ते मोजावे आणि खिडकीची लांबी, म्हणजे मध्यकासाठी किती वाचने घ्यायची ते, त्यावरून ठरवावी. शिडीवरून परतणारा प्रतिध्वनी मात्र कायम चुकीचेच अंतर देतो. त्यावर सेन्सरची जागा बदलणे हाच उपाय आहे.

मिनिटाला 30 लिटर देणाऱ्या पंपाने एक मीटर व्यासाच्या टाकीतली पातळी मिनिटाला साधारण चार सेंटिमीटर चढते, त्यामुळे पंधरा वाचनांच्या मध्यकाचा सात सेकंदांचा विलंब अर्ध्या सेंटिमीटरहून कमीच भरतो. हाच सेन्सर सेकंदाला एक मीटर वेगाने मागे येणाऱ्या गाडीवर, सेकंदाला दहा वाचने घेत बसवला, तर त्याच गाळणीत गाडी 70 सेंटिमीटर पुढे निघून गेलेली असेल. तेथे तीन वाचनांच्या मध्यकापलीकडे जाणे मला धोक्याचे वाटते.

टाकीसाठी मी आधी मध्यक आणि त्यानंतर समतलन असा क्रम ठेवतो. क्रम उलटला, तर समतलन ती उडी पुढच्या अनेक वाचनांवर पसरवते, आणि पसरलेली उडी मध्यकाला वेगळी ओळखता येत नाही.