क्लोज ठरतो कसा: ओसाकातल्या वातीपासून साडेतीनपर्यंत

रविवार पेठेतल्या आमच्या तांदळाच्या दुकानात भाच्यानं मोबाईल पुढं केला. "मामा, शेअर दोन टक्के वर आणि कँडल लाल. हे कसं काय ओ?" कँडल म्हणजे दिवसाचे चार भाव मेणबत्तीच्या आकारात दाखवणारं चित्र: उघडतानाचा ओपन, सर्वांत वरचा हाय, सर्वांत खालचा लो आणि बंद होतानाचा क्लोज. आकडे असे होते: आदल्या दिवशीचा क्लोज 400, आजचा ओपन 412, हाय 424, लो 404 आणि क्लोज 408.

उत्तर सोपं आहे. कँडलचा रंग आजच्या ओपनशी तुलना करून ठरतो, टक्केवारी मात्र कालच्या क्लोजवरून काढतात. 412 ला उघडून 408 ला बंद, म्हणून लाल. 400 वरून 408, म्हणून दोन टक्के वर. ओपन ते क्लोज हा जाड भाग म्हणजे बॉडी, ती चार रुपयांची; तिच्यावर हायपर्यंतची बारीक रेघ म्हणजे वात, ती बारा रुपयांची, आणि खाली लोपर्यंतची चार रुपयांची. म्हणजे कुणीतरी भाव 424 पर्यंत नेला, पण तिथं तो टिकला नाही. मात्र 424 सकाळी सव्वानऊनंतर लगेच लागला की दुपारी अडीचला, हे ही एक कँडल सांगत नाही. आधी हाय की आधी लो, हा क्रम तिच्यातून गळून गेलेला असतो. तो पाहायचा तर त्याच दिवसाचा पंधरा मिनिटांचा चार्ट, म्हणजे दर पंधरा मिनिटांना एक कँडल दाखवणारा, उघडावा लागतो.

भाच्याचा दुसरा प्रश्न जास्त चांगला होता. साडेतीनला शेवटचा सौदा 411 ला झालेला त्यानं स्वतः पाहिला होता, मग संध्याकाळी क्लोज 408 कुठून आला? याचं मूळ शोधायला थेट जपानात जावं लागतं, आणि तेही तांदळाच्याच बाजारात.

ओसाकातल्या दोजिमा तांदूळ बाजाराला तिथल्या शोगुन राजवटीनं 1730 मध्ये अधिकृत मान्यता दिली. तिथं पोती फारशी दिसत नसत. कोठारातल्या तांदळाच्या हुंड्यांचे आणि पुढच्या वायद्याचे सौदे चालत. वायद्याचा बाजार बंद करायची रीत मोठी गमतीची होती. दिवसाच्या शेवटी एक वात पेटवून ठेवत. ती विझताना जो भाव चालू असेल तो दिवसाचा भाव. त्यानंतरही व्यापारी हटले नाहीत तर अंगावर पाणी उडवून त्यांना पांगवत. शेवटच्या भावावरच पुढचे हिशेब अवलंबून, त्यामुळं वात विझण्याआधीच्या क्षणांवर सगळ्यांचा डोळा असणारच.

मेणबत्तीच्या चित्राचं श्रेय साकाता गावचे तांदूळ व्यापारी मुनेहिसा होम्मा (1724 ते 1803) यांना देण्याची पद्धत आहे. मला ते थोडं जास्तच वाटतं. भावामागं माणसांची भीती आणि हाव असते हे त्यांनी ओळखलं होतं, पण आजच्या रूपातल्या कँडल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मेजी काळात रुळल्या असाव्यात. पाश्चात्त्यांना त्या नीट कळल्या 1991 मध्ये, स्टीव्ह निसन या अमेरिकनाच्या पुस्तकामुळं. जाता जाता एक सांगतो: जपानी चार्टवर चढ लाल दाखवतात. रंग हा नुसता संकेत आहे.

आपल्याकडं 1994 मध्ये एनएसई या शेअर बाजारात स्क्रीनवरचे सौदे सुरू झाले आणि प्रत्येक सौद्याची वेळ व भाव नोंदला जाऊ लागला. तरी शेवटच्या क्षणाचा जुना प्रश्न राहिलाच. एखाद्यानं साडेतीनला पाच-पन्नास शेअर चढ्या भावानं उचलले तर दिवसाचा क्लोज त्याच्या हातात जाईल. म्हणून एनएसईनं कित्येक वर्षं वेगळी रीत ठेवली: तीन ते साडेतीनच्या अर्ध्या तासातल्या सगळ्या सौद्यांची, किती शेअर कुठल्या भावाला गेले ते धरून, सरासरी. तोच क्लोज. त्या अर्ध्या तासात बरेचसे सौदे 407-408 ला झाले आणि अगदी शेवटी थोडे 411 ला, तर सरासरी 408 च्याच आसपास राहणार. भाच्यानं पाहिलेला 411 खोटा नव्हता, पण त्याचं वजन कमी होतं.

ओपनचीही अशीच गोष्ट. 2010 पासून सकाळी नऊला प्री-ओपन सुरू झालं. नऊ ते नऊ-आठ फक्त ऑर्डरी गोळा होतात, सौदा होत नाही. मग ज्या एका भावाला सर्वांत जास्त शेअरांचा मेळ बसतो तो ओपन ठरतो. तसा भाव निघालाच नाही तर सव्वानऊनंतरचा पहिला सौदा ओपन धरतात. म्हणजे चार आकड्यांपैकी ओपन आणि क्लोज हे पुष्कळ सौद्यांतून मिळून निघालेले. हाय आणि लो मात्र एकेका सौद्याचे असू शकतात. त्या दिवशी 424 ला दहाच शेअर गेले असले, तरी वरची वात तेवढीच लांब दिसली असती.

"मग वात लांब दिसली की काय बघायचं?" भाच्यानं विचारलं. मी त्याला पंधरा मिनिटांचा चार्ट उघडायला लावला आणि 424 च्या कँडलखालचा, किती शेअर गेले ते सांगणारा व्हॉल्यूमचा खांब दाखवला. तो बोटभरसुद्धा नव्हता.