कुंकू पसरायला हवं

एका लघुपटासाठी १९९४ सालच्या लग्नाची कॅसेट हवी होती. खरी कॅसेट कुणाकडेच नव्हती, म्हणून हळदीचा प्रसंग मोबाइलवर नव्याने चित्रित केला आणि जुना करायचं काम माझ्याकडे आलं. मी सगळे करतात तेच केलं. नेटवर मिळणारा मुंग्या-रेघोट्यांचा तयार थर चित्रावर टाकला आणि रंग थोडे उडवले. दिग्दर्शक बघून म्हणाला, "अरे, ही जुनी कॅसेट नाही, नवीन व्हिडिओवर बसलेली धूळ आहे ही." त्याचं खरं होतं. नवरीच्या कपाळावरचं कुंकू होतं तसंच रेखीव होतं, आणि व्हीएचएसवर ते तसं राहूच शकत नाही.

याचं कारण फितीवर चित्र कसं लिहिलं जातं त्यात आहे. व्हीएचएस चित्राचे दोन भाग करतं. कुठे किती उजेड आहे हा एक भाग आणि कुठला रंग आहे हा दुसरा. उजेडाला साधारण ३ मेगाहर्ट्झ जागा मिळते. रंगाला मात्र ६२७ किलोहर्ट्झच्या आसपास, खालच्या कोपऱ्यात बसवलेलं असतं आणि त्याच्या वाट्याला फार तर अर्धा मेगाहर्ट्झ येतो. आपल्याकडे टीव्हीची पाल पद्धत होती, तिचे आकडे धरून पिक्सेलमध्ये हिशोब करू. ७२० पिक्सेल रुंदीच्या चित्रात एक पिक्सेल म्हणजे सुमारे ७४ नॅनोसेकंद. त्या हिशोबाने उजेडातला सर्वांत बारीक तपशील सव्वादोन पिक्सेलचा, आणि रंगातला सर्वांत बारीक तपशील साडेतेरा पिक्सेलचा. म्हणजे पडद्याच्या अख्ख्या रुंदीत रंगाचे पन्नासेक ठिपकेच मावतात!

आमच्या चित्रात कुंकू ८ पिक्सेल रुंद होतं. उजेडाच्या दृष्टीने ते पुरेसं मोठं आहे, त्यामुळे गडद ठिपका जागेवर दिसणार. पण त्याचा लाल रंग एवढ्याशा जागेत मावत नाही. तो आजूबाजूच्या कपाळावर सांडतो, शिवाय थोडा उजवीकडे सरकतो, कारण रंगाला यंत्रातल्या गाळण्यांतून यायला जरा उशीर होतो. कुंकू तपकिरी पडतं आणि त्याच्या उजव्या अंगाला कपाळ गुलाबी होतं. शालूच्या काठाचंही तेच: लाल रंग काठ सोडून मागच्या भिंतीवर चढतो, पण काठाची घडी मात्र नीट दिसत राहते. सगळं चित्र सरसकट धूसर करणाऱ्याला हा फरक कधीच साधत नाही.

दुसरी गोष्ट मुंग्यांची. डिजिटल गोंगाट एकेका पिक्सेलचा असतो, रांगोळी भुरभुरल्यासारखा. फितीवरचा गोंगाटही त्याच अरुंद वाटेने येतो, त्यामुळे तो आडवा ताणला जातो. वरची ओळ आणि खालची ओळ यांचा मात्र एकमेकींशी संबंध नसतो. म्हणून दाणे बारीक, आडव्या रेघांसारखे दिसतात. रंगातला गोंगाट तर आणखी लांबट, लाल-निळ्या डागांसारखा तरंगतो. हे साधायला वेगळी युक्ती लागत नाही, क्रम तेवढा पाळायचा: आधी गोंगाट मिसळायचा, मग आडवं पुसायचं. माझी चूक हीच होती. मी गोंगाट न पुसताच चित्रावर टाकत होतो.

आता ffmpeg या व्हिडिओच्या प्रोग्रॅममध्ये एवढं पुरतं (मूळ चित्रण आडवं, १९२० बाय १०८० चं आहे असं धरून):

```
ffmpeg -i haldi.mp4 -vf "crop=1440:1080,scale=720:576,fps=25,format=yuv444p,noise=c0s=14:c0f=t:c1s=40:c1f=t:c2s=40:c2f=t,gblur=sigma=1.2:sigmaV=0.1:planes=1,gblur=sigma=6:sigmaV=1:planes=6,chromashift=cbh=4:crh=4" -crf 14 kaset.mp4
```

planes=1 म्हणजे फक्त उजेड आणि planes=6 म्हणजे फक्त रंगाचे दोन थर. रंगाच्या गोंगाटाचा ४० हा आकडा बघून दचकू नका, पुढचं पुसणं त्यातला बराचसा खाऊन टाकतं.

इथवर काम सोपं आहे. चित्र हलवायचं म्हटलं की बहुतेकांचा अंदाज चुकतो, माझाही चुकला. व्हीसीआरमध्ये ६२ मिलिमीटर व्यासाचा ड्रम सेकंदाला २५ फेरे घेतो आणि त्यावरची हेडं फितीवर तिरक्या पट्ट्या वाचत जातात. एक पट्टी म्हणजे एक फील्ड, अर्धं चित्र. हेड आणि फीत यांचा एकमेकांसापेक्ष वेग सेकंदाला सुमारे ४.८५ मीटर असतो. म्हणजे फीत पट्टीच्या दिशेने ५ मायक्रॉन जरी ताणली गेली, तरी ती ओळ १ मायक्रोसेकंद, म्हणजे साडेतेरा पिक्सेल सरकते. केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाएवढीही ती लांबी नाही!

पण ही चूक ओळीओळीला नव्याने होत नाही. ताण हळूहळू बदलतो, त्यामुळे शेजारच्या ओळी जवळपास सारख्याच सरकतात आणि दाराची चौकट पाण्यात पाहिल्यासारखी लवते. प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे इकडेतिकडे ढकलली की करवतीचे दाते दिसतात आणि सोंग उघडं पडतं. म्हणून प्रत्येक ओळीचं सरकणं आधीच्या ओळीच्या सरकण्यावरून काढावं: त्यात थोडी भर किंवा घट, आणि शून्याकडे हलकी ओढ. एक-दोन पिक्सेल पुरे. वरच्या वीसेक ओळी मात्र जास्त वाकवाव्यात. एक हेड वाचणं संपवून दुसरं सुरू करतं ते चित्राच्या तळाशी, आणि त्या धक्क्यातून सावरायला टीव्हीला थोडा वेळ लागतो. तळाच्या पाच-सहा ओळी फाटलेल्या, एका बाजूला ओढलेल्या ठेवाव्यात. जुन्या टीव्हीत त्या चौकटीमागे लपत, पण फाइलमध्ये दिसणारच.

ट्रॅकिंग बिघडलं की येणारा पांढरा पट्टा हा वेगळा मामला. पालमध्ये एक पट्टी ४९ मायक्रॉन रुंद असते. हेड तिच्यावरून घसरून शेजारच्या पट्टीवर गेलं, तर शेजारचं चित्र दिसायला हवं. तसं होत नाही, कारण दोन हेडांच्या फटी विरुद्ध बाजूंना ६-६ अंशांनी कललेल्या असतात आणि एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला जवळपास वाचताच येत नाही. म्हणून तिथे भुतासारखी दुहेरी प्रतिमा न येता नुसतं बर्फ येतं. पडद्यावरची उंची म्हणजे पट्टीवरची जागा, त्यामुळे हा पट्टा एका उंचीवर टिकतो किंवा सावकाश सरकतो. तो सैरावैरा उड्या मारायला लागला की समजावं, हे यंत्राचं काम नाही. पट्ट्याच्या आत रंग जवळपास काढून टाकावा आणि ओळी बेलाशक फाडाव्यात.

क्षणभर चमकणाऱ्या पांढऱ्या रेघा धुळीच्या किंवा खरवडलेल्या लेपाच्या असतात. ०.१ मिलिमीटरचा कण त्या वेगाने ओलांडायला सुमारे २० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे पडद्यावर २७०-२८० पिक्सेल. तो शेजारच्या एक-दोन पट्ट्यांवरही पसरलेला असतो, त्यामुळे लागोपाठच्या फील्डमध्ये जवळपास त्याच उंचीवर रेघ पुन्हा दिसते. रेघेचं डावं टोक तीक्ष्ण ठेवावं आणि उजवं विरत जाऊ द्यावं.

घरी यायची ती लग्नाची कॅसेट सहसा नक्कल असायची, मूळ फीत स्टुडिओतच राहायची. ते दाखवायचं तर परिणामांचे आकडे दुप्पट करू नयेत, crop आणि scale वगळून वरची सगळी साखळीच दुसऱ्यांदा चालवावी. रंग आणखी सरकतो, गोंगाटावर गोंगाट चढतो, आणि हे थरावर थर चढणं एका फटक्यात साधत नाही. आमच्या हळदीला दोन फेऱ्या लागल्या. तिसरीत नवरीची ओळखच पटेना.

शेवटी मार खाल्ला तो फाइल चढवताना. गोंगाट दाबून बसवणं फाइल लहान करणाऱ्या कोडेकला फार जड जातं. कमी बिटरेटवर तो मुंग्या गिळून त्यांच्या जागी चौकोनी ठोकळे ठेवतो. गडद भिंतीवर चित्र थांबवून बघितलं की हे लगेच कळतं. मग ५७६ ओळींची फाइल आधी १०८० पर्यंत मोठी केली, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवल्या आणि भरपूर बिटरेट देऊन पुन्हा पाठवली. भिंतीवरचे ठोकळे गेले, आणि कुंकू तपकिरीच राहिलं.